रोटी अडवते की भाजी? ८४ चिठ्ठ्यांचा हिशोब

नागपूर–हैदराबाद महामार्गावर, समुद्रपूर तालुक्यातल्या जाम चौरस्त्याच्या जरा अलीकडे माझ्या चुलतभावाचं फॅमिली रेस्टॉरंट आहे. १८ टेबलं, मागे किचन, किचनमागे अंगण. अंगणात चुलीवर भाकरी थापणारी मावशी बसते. इथूनच चंद्रपूरचा रस्ता फुटतो, त्यामुळे रविवारी दुपारी नागपूरहून चंद्रपूरला जाणारे, ताडोब्याहून परतणारे, लग्नाला निघालेले असे सगळेच आमच्या दारात गाड्या लावतात. गेल्या हिवाळ्यात तक्रारी वाढल्या. लोक पाऊण तास बसायचे, पाणी दोनदा मागायचे आणि बिल देताना दादाला सुनावून जायचे. दोन कुटुंबं तर ऑर्डर देऊन उठून गेली.

दादाचं निदान पक्कं होतं. तंदूर एकच, त्यामुळे रोटी उशिरा येते, म्हणून जेवण उशिरा जातं. त्यानं दुसऱ्या तंदूरसाठी जागाही पाहून ठेवली होती, किचनची एक भिंत पाडून. मी पुण्यात नऊ वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढून परत आलोय. भिंत पाडायच्या आधी दोन रविवार द्या, म्हणून त्याला विनवलं. वेटर, कॅप्टन, स्वतः दादा, सगळेच तंदूरकडे बोट दाखवत होते. त्यालाही कारण होतं. वेटर जेव्हा किचनच्या खिडकीशी ताटकळतो तेव्हा त्याच्या समोर भाजी तयार ठेवलेली असते आणि तो रोटीची वाट पाहत असतो. आपण ज्याची वाट पाहतो त्यालाच दोष देतो.

आमच्याकडे बिलिंगच्या संगणकावर ऑर्डर टाकली की किचनमध्ये केओटी छापली जाते, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी. तिच्यावर टेबल नंबर, पदार्थ आणि वेळ असते. ही वेळ फुकट मिळते आणि बहुतेक ठिकाणी ती कोणी पाहत नाही. संध्याकाळी चिठ्ठ्या खिळ्यावरून काढून कचऱ्यात जातात. पण एवढी एकच वेळ पुरत नाही. चिठ्ठी छापली कधी हे कळतं, जेवण गेलं कधी हे कळत नाही, आणि मधे वेळ कुठं मुरला हे तर अजिबात नाही.

म्हणून मी चार वेळा ठरवल्या. पहिली छापल्याची, ती तर मिळतेच. दुसरी, त्या चिठ्ठीचं पहिलं काम कोणी हातात घेतलं, म्हणजे कढई चुलीवर चढली ती. तिसरी, प्रत्येक विभागाचा माल खिडकीत आला ती. चौथी, वेटरनं शेवटचा पदार्थ उचलला ती. विभाग आमचे चार: हंडी, म्हणजे भाज्या आणि सावजी रस्से करणारा उस्ताद, तंदूर, मावशीची भाकर, आणि एका कोपऱ्यात चायनीजवाला पोरगा, ज्याला नूडल्सशिवाय दुसरं काही विचारायचं नसतं.

या वेळा लिहायच्या कोणी? आचाऱ्यांना सांगून उपयोग नाही. हात तेलाचे, डोकं तापलेलं, आणि गर्दीत माणूस सगळ्या चिठ्ठ्यांवर पाच मिनिटांनी एकदम अंदाजपंचे वेळा टाकतो. ज्या किचनमध्ये चिठ्ठीऐवजी स्क्रीन असते तिथंही हाच खेळ होतो. पदार्थ व्हायच्या आधीच आचारी बटण दाबून चिठ्ठी पडद्यावरून उडवतो, कारण उशीर होऊन लाल झालेली चिठ्ठी डोळ्यांत खुपते. म्हणून माझ्या भाच्याला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोट्ट्याला, खिडकीशेजारी उभं केलं. काम एवढंच: कढई चढली, माल आला, वेटरनं उचललं की चिठ्ठीच्या मागे वेळ लिहायची. मिनिटंच, सेकंद नाहीत. बोलायचं नाही, कोणाला घाई करायची नाही. घाई केली की आकडे बदलतात आणि मग आपण किचन मोजत नाही, भाच्याचा धाक मोजतो.

तंदूरवाल्यानं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "भाऊ, हे काऊन लिहून राहिला तो? माह्या पगारातून कापनार आहे का दादा?" भीती खरी होती, कारण बोट त्याच्याकडेच होतं. मी सांगितलं की कोणाच्या नावानं काही लिहिलं जात नाहीये, चिठ्ठीच्या मागे फक्त चार वेळा आहेत, आणि संध्याकाळी तूही बघ. संध्याकाळी तो खरंच येऊन बसला. तो बसला नसता तर पुढची गोष्ट मला कदाचित कळलीच नसती.

पहिल्या रविवारी सव्वाबारा ते सव्वातीन या तीन तासांत ११५ चिठ्ठ्या छापल्या गेल्या. रात्री त्या टेबलावर पसरल्या आणि पहिल्याच ढिगात गंमत सापडली. ४ नंबरच्या टेबलाचा मसाला पापड ऑर्डर यायच्या ३ मिनिटं आधी तयार होऊन खिडकीत आला होता. भाच्यानं डोक्याला हात लावला, म्हणाला माझंच चुकलं असेल. त्याचं चुकलं नव्हतं. तो किचनच्या भिंतीवरचं घड्याळ बघून लिहीत होता आणि चिठ्ठीवर संगणकाची वेळ होती. दोन्ही शेजारी धरून पाहिली तर भिंतीवरचं बरोबर ४ मिनिटं मागे. म्हणजे पापडाला खरं तर १ मिनिट लागलं होतं. भाच्यानं लिहिलेल्या सगळ्या वेळांत ४ मिळवली. तो पापड नसता तर आम्ही प्रत्येक टेबलाची ४ मिनिटं खाऊन टाकली असती, आणि आपण तसे बरे आहोत असा समज करून घेतला असता. म्हणून असं काही मोजायला घेतलं की आधी पापड, ताक, सलाड असल्या चिठ्ठ्या काढून बघाव्यात. त्यांना किती वेळ लागायला हवा हे आपल्याला आधीच माहीत असतं.

मग चिठ्ठ्या निवडल्या. २३ चिठ्ठ्या 'रनिंग रोटी'च्या होत्या, म्हणजे जेवता जेवता आणखी चार रोट्या मागवलेल्या. त्या वेगळ्या ठेवल्या, कारण त्यात भाजी नसते आणि वाट पाहण्याचा राग वेगळा असतो. ८ चिठ्ठ्या रद्द झालेल्या, नुसत्या पाणी-पापडाच्या किंवा वाचता न येणाऱ्या. उरल्या ८४. या ८४ भाच्यानं शीटमध्ये भरल्या. B मध्ये छापल्याची वेळ, C मध्ये शेवटचा पदार्थ उचलल्याची, F मध्ये त्यांतलं अंतर मिनिटांत. सूत्रं इतकीच:

```
F2:  =(C2-B2)*24*60
=MEDIAN(F2:F85)
=PERCENTILE(F2:F85,0.9)
```

सरासरी मुद्दाम घेतली नाही. एखादं टेबल 'बाकीचे येतायत, थांबा' म्हणून ऑर्डर रोखून ठेवतं, ती एक चिठ्ठी ७० मिनिटांची होते आणि सरासरी वर ओढते. त्यापेक्षा चिठ्ठ्या कमी वेळापासून जास्तीपर्यंत ओळीत लावायच्या आणि मधली बघायची. मधली आली २९ मिनिटांची. आणि दहातली नववी बघायची, म्हणजे ८४ मधली साधारण ७६ वी. ती ४६ मिनिटांची. तक्रार करतो तो हा नववा माणूस. मधल्याचं काही म्हणणं नसतं, तो मोबाईल बघत बसतो.

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक चिठ्ठीवर सर्वांत शेवटी खिडकीत कोण आलं ते मोजलं. तंदूर ५१ चिठ्ठ्यांवर, हंडी १७, भाकर ९, चायनीज ७. दादा हसला. "सांगत होतो न तुले." त्यानं गवंड्याला फोन लावायला मोबाईल काढलासुद्धा.

तेव्हा तंदूरवाला बोलला. त्याच्या ढिगातली ७ नंबरची चिठ्ठी त्यानं उचलली आणि म्हणाला, "मी रोटी शेवटीच टाकतो जी. भाजी खिडकीत यायच्या आधी टाकली तर ते चामडं होते. उस्ताद हाक मारते तवा मी टाकतो."

हे मला माहीत असायला हवं होतं. पुण्यात रोज बघत होतो. तंदुरी रोटी काढल्यावर काही मिनिटांतच कडक आणि चिवट होते, म्हणून ती शेवटी येणं हा दोष नाही, तो तिचा क्रमच आहे. भाजी-रोटीच्या चिठ्ठीवर तंदूर शेवटी नाही आला तरच काहीतरी बिघडलंय असं समजावं. म्हणजे 'शेवटी कोण आलं' ही मोजणी आमच्यासारख्या किचनमध्ये नेहमीच रोटीला दोषी ठरवणार. मोजायला हवं होतं ते दुसरंच: भाजी आल्यावर रोटीनं किती वेळ घेतला, आणि भाजीलाच यायला किती लागला.

७ नंबरची चिठ्ठीच घ्या. वांग्याची भाजी, शेवभाजी, ६ रोट्या. छापली १ वाजून २२ मिनिटांनी. उस्तादानं कढई चढवली १:४१ ला. दोन्ही भाज्या खिडकीत १:४९ ला. रोट्या १:५२ ला. वेटरनं उचललं १:५४ ला. एकूण ३२ मिनिटं. त्यात चुलीवर काम फक्त ८ मिनिटांचं, रोटीची भर ३ मिनिटांची, खिडकीत पडून २ मिनिटं. उरलेली १९ मिनिटं ही चिठ्ठी नुसती खिळ्याला टांगलेली होती. कोणी काहीच करत नव्हतं तिच्यासाठी.

बाकीच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर चित्र तेच. भाजी आणि तंदुरी रोटी दोन्ही असलेल्या ५८ चिठ्ठ्या होत्या. त्यांत भाजी आल्यावर रोटी यायला मधला वेळ ३ मिनिटं. भाजी यायला मात्र मधला वेळ २४ मिनिटं, आणि त्यातली १६ सुरू होण्याची वाट बघण्यात.

थांबणं आणि शिजणं हे दोन वेळ वेगळे केल्यावरच पुढची पायरी दिसते. चिठ्ठ्या मग छापल्याच्या वेळेनुसार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सहा ढिगांत लावल्या. शिजण्याचा वेळ सगळ्या ढिगांत ७ ते ९ मिनिटं, गर्दी असो वा नसो. उस्ताद सव्वाबाराला जितका चपळ तितकाच दोनला. थांबण्याचा वेळ मात्र पहिल्या अर्ध्या तासात ४, मग ९, मग २०, मग २३, मग १४, आणि शेवटी ५. शिजायचा वेळ वाढत गेला असता तर माणूस दमतोय, हात कमी पडतायत किंवा पदार्थच किचकट आहेत असं म्हणता आलं असतं. शिजायचा वेळ तोच आणि थांबायचा पाचपटीहून जास्त, याचा अर्थ चुलीवर जागा नाही.

आकडे खरे आहेत का हे पडताळायची एक सोपी रीत आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे. साध्या भाषेत: ताशी जितक्या चिठ्ठ्या येतात, त्याला प्रत्येक चिठ्ठीच्या सरासरी वेळानं गुणलं की कोणत्याही क्षणी किती चिठ्ठ्या टांगलेल्या असतील ते मिळतं. इथं मात्र सरासरीच लागते, मधली चालत नाही. एक ते दोनमध्ये ३४ चिठ्ठ्या आल्या आणि त्या तासातली सरासरी ३५ मिनिटं होती. म्हणजे साधारण २० चिठ्ठ्या टांगलेल्या असायला हव्यात. भाच्यानं १:५० ला खिळ्यांच्या पट्टीचा फोटो काढला होता. मोजल्या, २१. गर्दी चढती-उतरती असते तेव्हा हा नियम तंतोतंत बसत नाही, पण ८ किंवा ४० निघाल्या असत्या तर भाच्याच्या वेळांवर माझा विश्वास राहिला नसता.

आता जागा का नव्हती? बुधवारी दुपारी, गर्दी नसताना, मी उस्तादाजवळ स्टुलावर बसलो. भट्टीला तीन बर्नर. त्यातल्या एकावर रश्श्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, कायमचा. पाटवडीचा आणि थाळीचा रस्सा दिवसभर गरम ठेवायचा असतो, तर्री वर आलेली दिसली पाहिजे, म्हणून तो मोठा गंज मंद आचेवर तिथंच. बर्नर सगळ्यांत मोठा, आणि काम फक्त गरम ठेवण्याचं. म्हणजे ताज्या भाजीला दोनच बर्नर. एक कढई तेल टाकण्यापासून उतरवून धुण्यापर्यंत ४ मिनिटं घेते. दोन बर्नरवर ताशी ३० कढया. एक ते दोनमध्ये चिठ्ठ्यांवरच्या भाज्या मोजल्या, दोन टेबलांची एकच भाजी असेल तर एक कढई धरली, तरी ३९ झाल्या. ३० च्या जागेत ३९ घुसवायच्या. उस्ताद कितीही पळाला तरी हे बसणार नाही. आणि त्याच तासात त्यात आणखी एक भर पडायची.

सावजी पद्धतीच्या काळ्या मसाल्याचं वाटण, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, हे उस्ताद सकाळी एक गंज करून ठेवतो. रविवारी ते दीडच्या सुमारास संपतं. मग तो भर गर्दीत नवं परतायला घेतो, १५ मिनिटं, दोनातल्या एका बर्नरवर. चिठ्ठ्यांत ते स्पष्ट दिसत होतं, पण मला आधी अर्थ लागला नव्हता: १:२८ ते १:४३ मध्ये हंडीकडून खिडकीत फक्त चार कढया आल्या होत्या. बाकी वेळी इतक्यात सात-आठ येतात. उस्तादाला विचारलं तर म्हणाला, "रोजच्यासारखंच केलं होतं वाटण. रईवारी पुरत नाही म्हने? हाव, नाही पुरत." त्यानं ते कधी अडचण म्हणून पाहिलंच नव्हतं. संपलं की करायचं, एवढंच.

म्हणजे तंदूर नाही, उस्ताद नाही, रश्श्याचा गंज आणि दीड वाजता संपणारं वाटण. दादाला पटलं नाही. "गंजानं काय होते बे?" मी त्याला ७ नंबरची चिठ्ठी दाखवली, १९ मिनिटं टांगलेली. त्यानं गवंड्याचा फोन पुढं ढकलला. तेवढंच हवं होतं.

दुसरा रविवार वाया गेला. दीडला एक वऱ्हाडाची बस थांबली, ४८ माणसं, सगळ्यांना थाळी. त्या दिवसाचे आकडे भाच्यानं भरले, पण तुलनेला घेतले नाहीत. थाळीत सगळं तयार असतं, हंडीवर काहीच येत नाही. त्या दिवशी थांबण्याचा वेळ छान दिसत होता आणि तो आमच्या कुठल्याही सुधारणेमुळे नव्हता, कारण सुधारणा अजून केलीच नव्हती.

तिसऱ्या रविवारी दोनच गोष्टी बदलल्या. रश्श्याचा गंज अंगणात मावशीच्या चुलीशेजारी, निखाऱ्यांवर. आणि वाटण सकाळी दीडपट. पहिल्या तासात गंजानं त्रास दिला. निखारे जास्त झाले, रस्सा तळाला लागायला लागला. मावशीनं चुलीतलं एक लाकूड ओढून घेतलं आणि गंज दोन विटांवर उचलला. शिवाय थाळीवाला पोरगा आता रश्श्यासाठी अंगणात जातो, दर वेळी सात-आठ पावलं जास्त. म्हणून मधल्या वेळेसाठी एक छोटं झाकणाचं पातेलं खिडकीजवळ ठेवलं. तेही वाफाळतं गरमच राहायला हवं, ६० अंशांच्या खाली उतरू द्यायचं नाही. कोमट रश्श्यानं पोट बिघडतं, आणि तसंही विदर्भात कोमट रस्सा कोणी खात नाही.

७९ चिठ्ठ्या. मधली २१ मिनिटांवर आली, आधी २९ होती. दहातली नववी ३१, आधी ४६. एक ते सव्वादोनच्या गर्दीत हंडीवर थांबण्याचा वेळ ७ मिनिटं, शिजण्याचा पूर्वीसारखाच ८. तीन बर्नरवर ताशी ४५ कढया निघू शकतात, आणि लागत होत्या ३५-३६. हे सगळं श्रेय मी गंजाला देत नाही. एक ते दोनमध्ये या वेळी ३१ चिठ्ठ्या होत्या, ३४ नाही. तीन चिठ्ठ्या कमी असणं क्षुल्लक वाटतं, पण जागा काठोकाठ भरलेली असते तेव्हा थोड्या कमी गर्दीनंही रांग बरीच आखूड होते. ३४ आल्या असत्या तर मधली कदाचित २३ असती. पण दहातली नववी ४६ नसती झाली, एवढं मी पैजेवर सांगतो.

आणि आता तंदूर. भाजी आल्यावर रोटी यायला आधी ३ मिनिटं लागायची, ती ६ झाली. तंदूरवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "आता लिहा माह्यं नाव." हंडी मोकळी झाल्यावर तिच्याकडून भाज्या भराभर येऊ लागल्या, हाका एकापाठोपाठ पडू लागल्या आणि खरी कुचंबणा त्याच्याकडं सरकली. आधी हंडी त्याला सावकाश काम पुरवत होती, म्हणून तो निवांत दिसत होता.

पण म्हणून दुसरा तंदूर? त्याच्याजवळ उभं राहून पाहिलं. एका वेळी भिंतीला १० रोट्या, साधारण ३ मिनिटांत निघतात. कागदावर ताशी २००, एवढ्या आम्हाला लागतही नाहीत. अडचण शिगांची. तंदुरी चिकनच्या शिगा आत उभ्या असल्या की भिंतीशी हात नीट पोचत नाही, झाकण अर्धं लावायचं असतं, आणि कच्चं चिकन पूर्ण व्हायला १०–१२ मिनिटं घेतं. त्या दहा मिनिटांत रोट्या जवळपास बंद. मोठ्या हॉटेलांत चिकनला सकाळी एक आच देऊन ठेवतात, लगेच थंड करून फ्रिजमध्ये, आणि ऑर्डर आली की चार-पाच मिनिटं शेवटची आच, आतपर्यंत पूर्ण शिजेल अशी. तंदूरवाल्याला ते माहीत होतं, इथं कोणी विचारलं नव्हतं इतकंच. पण फ्रिजमध्ये कच्च्या मालापासून वेगळा, झाकलेला कप्पा हवा, आणि आमच्या फ्रिजात सध्या खालीवर सगळं एकत्र आहे. आधी ते नीट करायचं, मग ही आच.

एक गोष्ट या सगळ्या चिठ्ठ्यांत नाहीच. भाच्याला शेवटच्या अर्ध्या तासात मी हॉलमध्ये पाठवलं होतं. त्यानं सहा टेबलं पाहिली: गिऱ्हाइकानं ऑर्डर सांगितली तेव्हापासून चिठ्ठी छापेपर्यंत ४ ते ६ मिनिटं. वेटर दोन-तीन टेबलांच्या ऑर्डरी वहीत घेतो आणि एकदम काउंटरवर येऊन टाकतो. म्हणून आमच्या चिठ्ठ्या एकाच मिनिटाला तीन-तीन छापलेल्या दिसतात, मग पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तीन. गिऱ्हाइकाचं घड्याळ आमच्या चिठ्ठीच्या आधीच सुरू झालेलं असतं, आणि वर किचनला काम असं गठ्ठ्यानं मिळतं. दादाला आता वेटरांसाठी टॅब घ्यायचे आहेत. मी म्हटलं, आधी एक रविवार त्यांना सांगून बघ की एका टेबलाची ऑर्डर घेतली की लगेच येऊन टाका. तो म्हणाला, "ते येतीन का रे, हॉल केवढा लंबा आहे." येत्या रविवारी काउंटर हॉलच्या मधोमध सरकवून बघणार आहोत. भिंतीवरच्या घड्याळात नवी बॅटरी टाकली आहे, आणि भाच्याला सांगून ठेवलंय की पहिली चिठ्ठी पापडाची बघायची.